ताप उतरला, आता तक्ता वाचा

सुरतेत लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत पावसाळा सरता सरता घरोघरी ताप सुरू होतो. खानदेशातून आलेली कुटुंबे इथे दाट वस्तीने राहतात, पाणी पिंपांत साठवून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रुग्ण न्यू सिव्हिलमध्ये जातो, महापालिकेच्या स्मीमेरमध्ये जातो, नाहीतर जवळच्या खाजगी दवाखान्यात. सोबत राहणारा माणूस मात्र सतत बदलत राहतो. भाऊ लूमवर बारा तासांच्या पाळीला जातो, मग वहिनी येते. दुसऱ्या दिवशी नंदुरबार-जळगावकडच्या गाडीने मामा येऊन बसतात. प्रत्येकाला रुग्णाची थोडीथोडी हकीकत ठाऊक असते, सलग कुणालाच ठाऊक नसते. ती सलग हकीकत एकाच ठिकाणी लिहिलेली असते. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या किंवा सिस्टरच्या टेबलावर ठेवलेल्या फाईलमधल्या टीपीआर तक्त्यात.

ताप, नाडी, श्वास, बीपी आणि कडेला सिस्टरचे शेरे एवढेच त्या कागदावर असते. तो वाचायला डॉक्टर असण्याची गरज नाही. त्यावरून उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम, पण काहीतरी बदलते आहे हे ओळखून वेळेवर हाक मारणे सोबतच्या माणसाला नक्की जमते. हा लेख डेंग्यूपुरताच आहे. त्याचे कारण असे की बहुतेक आजारांत ताप उतरला म्हणजे माणूस सुधारला असे धरून चालते. डेंग्यूत धोक्याचे तास ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतात, आणि घरचे लोक नेमके तेव्हाच निर्धास्त होऊन डबा आणायला किंवा आंघोळीला घरी जातात.

तक्त्याची ठेवण आधी समजून घ्या. वरच्या भागात चौकटी आखलेल्या असतात. तिथे तापाचे टिंब आणि नाडीचे टिंब टाकून रेघा जोडतात, बहुधा वेगवेगळ्या रंगांत. बीपी मात्र खाली एका ओळीत नुसत्या आकड्यांत लिहिलेले असते. यामागे इतिहास आहे. तापाची रोजची रेघ ओढून आजार ओळखण्याची पद्धत जर्मनीतल्या कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली आपल्या ग्रंथातून रूढ केली. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचे रिवा-रोची यांचे यंत्र १८९६ साली आले, आणि वरचा व खालचा असे दोन्ही आकडे कानाने ऐकून ठरवण्याची रीत कोरोत्कॉफ यांनी १९०५ साली दिली. म्हणजे बीपीच्या आधीच तापाच्या रेघेने कागदावरची मोठी जागा घेतली होती. आजही पाहणाऱ्याची नजर आधी त्या रेघेकडे जाते. रेघ खाली आली की हायसे वाटते. डेंग्यूचा धोका मात्र त्या रेघेत दिसत नाही, तो खालच्या आकड्यांच्या ओळीत दिसतो.

आता एक तक्ता घेऊ. समजावण्यासाठी मी तो बांधला आहे, कुणा एका माणसाचा नाही. सव्वीस वर्षांचा, ५८ किलो वजनाचा लूम कामगार. सोमवारी रात्री थंडी वाजून ताप आला, बुधवारी संध्याकाळी भरती केले. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह आली. ताप फॅरनहाइटमध्ये, काखेत मोजलेला. शेवटचा आकडा तक्त्यात नसतो, तो मी वजाबाकी करून लिहिला आहे. वरच्या बीपीतून खालचे बीपी वजा केले की जे उरते ते अंतर.

बुधवार संध्याकाळ ६: ताप १०३.२, नाडी १०८, बीपी ११८/७६, अंतर ४२. शेरा: भरती केले. डोके व अंग दुखते. तापाची गोळी दिली.

गुरुवार सकाळ ६: ताप १०२.४, नाडी १०४, बीपी ११६/७४, अंतर ४२. शेरा: थोडा चहा घेतला.

गुरुवार संध्याकाळ ६: ताप १०१.६, नाडी १००, बीपी ११२/७४, अंतर ३८. शेरा: जेवण नको म्हणतो.

शुक्रवार सकाळ ६: ताप ९९.४, नाडी ९६, बीपी ११०/७८, अंतर ३२. शेरा: ताप नाही. पोटात दुखते म्हणतो.

शुक्रवार सकाळ १०: ताप ९८.६, नाडी १०४, बीपी १०८/८२, अंतर २६. शेरा: दोन उलट्या. सकाळपासून लघवी नाही.

शुक्रवार दुपार २: ताप ९८.०, नाडी ११६, बीपी १०४/८४, अंतर २०. शेरा: हात-पाय गार. अस्वस्थ. डॉक्टरांना कळवले, २.०५.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता हा तक्ता वरवर पाहिला तर काय दिसते? ताप गेला. बीपी १०८/८२, म्हणजे ऐकायला ठीकच. रुग्ण बोलतो आहे, ओळखतो आहे. मग पुन्हा नीट पाहा. ताप खाली येत असताना नाडीही खाली यायला हवी होती. साधा हिशोब असा की ताप एका सेल्सिअस अंशाने, म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळजवळ दोन अंशांनी वाढला की नाडी मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनी वाढते, आणि ताप उतरला की तेवढीच उतरते. बुधवारपासून शुक्रवारच्या पहाटेपर्यंत दोन्ही रेघा एकत्रच उतरत होत्या. सहा ते दहाच्या दरम्यान त्यांची फारकत झाली. ताप खाली गेला आणि नाडी वर चढली. ही फारकत आपण सर्वांत आधी शोधायची.

असे का होते? डेंग्यूत काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर जाऊन पोटात आणि छातीत साठतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागतो त्या सुमारास हा पाझर वाढतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. वाहिन्यांतले रक्त कमी पडल्याने हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलते, म्हणून वरचे बीपी थोडे उतरते. ते भरून काढायला शरीर दोन गोष्टी करते. हृदयाचे ठोके वाढवते आणि हातापायांच्या वाहिन्या आवळून धरते. वाहिन्या आवळल्याने खालचे बीपी चढते. वरचा आकडा खाली सरकतो, खालचा वर सरकतो, अंतर मिटत जाते. हात-पाय गार पडतात तेही यामुळेच. मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेल्याने लघवी थांबते. तक्त्यातल्या वेगवेगळ्या चौकटींत लिहिलेल्या या चार-पाच गोष्टींचे कारण एकच आहे.

अंतर २० किंवा त्याहून कमी झाले आणि सोबत नाडी जलद, हात-पाय गार असे असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या डेंग्यू मार्गदर्शिकेनुसार तो शॉक आहे, वरचे बीपी शंभराच्या वर असले तरीही. शरीर या अवस्थेत काही काळ वरचा आकडा धरून ठेवते, आणि मग तो एकदम कोसळतो. कोसळल्यावर धावपळ करण्यापेक्षा अंतर ४२ वरून ३२, आणि ३२ वरून २६ होताना हाक मारणे कितीतरी सोपे असते.

म्हणूनच ‘बीपी नॉर्मल आहे’ या वाक्यावर कधी समाधान मानू नका असे मी सांगेन. रुग्णालयांतल्या नामांकित गुणपद्धतींतही ही उणीव आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेली आणि २०१७ साली सुधारलेली ‘न्यूज’ नावाची पद्धत जगभर वापरतात. तिच्यात ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध आणि बीपी यांना गुण दिले जातात, पण बीपीचा फक्त वरचा आकडा धरतात. आपल्या रुग्णाची शुक्रवार दुपारची नोंद तिथे घातली तर १०४ बीपीला एक गुण आणि ११६ नाडीला दोन, असे तीनच गुण होतात, श्वास आणि ऑक्सिजन ठीक आहेत असे धरून. तातडीने डॉक्टर बोलवायची पायरी पाच गुणांवर आहे. पद्धत चांगलीच आहे, हजारो रुग्णांच्या कामी येते. पण खालचा आकडा ती पाहत नसल्याने डेंग्यूच्या खाटेपाशी अंतराची वजाबाकी हातानेच करावी लागते.

दिवस मोजण्यातही एक चूक होते. तक्त्याच्या माथ्यावर ‘दिवस १’ लिहिलेले असते ते भरतीपासून. आजाराचा दिवस पहिल्या तापापासून मोजायचा. आपल्या रुग्णाला सोमवारी रात्री ताप आला, म्हणजे बुधवार आजाराचा तिसरा दिवस आणि शुक्रवार पाचवा. भरतीच्या हिशोबाने शुक्रवार हा तिसराच दिवस ठरतो. ‘आत्ता तर तिसरा दिवस आहे’ असे समजून बसलो तर नेमका जागे राहायचा दिवस हातून जातो. ताप नक्की कधी आला हे घरच्यांनाच ठाऊक असते, म्हणून भरती करतानाच वार आणि वेळ स्पष्ट सांगा आणि फाईलवर लिहून घ्या.

आता एक शंका राहते. तापाची गोळी दिल्यावरही ताप उतरतो, मग तो गोळीने उतरला की आजारच पुढच्या टप्प्यात गेला हे कसे कळायचे? गोळी कधी दिली ते तापाच्या तक्त्यावर बहुधा नसते, औषधांच्या वेगळ्या कागदावर असते. दोन्ही कागद शेजारी धरून पाहा. पॅरासिटामॉल दिल्यावर तासा-दोन तासांत घाम येऊन ताप उतरला, नाडीही सोबत उतरली, माणूस जरा हुशारला आणि चार-सहा तासांनी ताप पुन्हा चढला, तर ते गोळीचे काम. गोळीवाचूनच ताप शंभराच्या खाली राहिला तर आजाराचा टप्पा बदलला असे धरा आणि पुढचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून काढा. तापासाठी पॅरासिटामॉलशिवाय दुसरे काही मागू नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या-इंजेक्शनांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. शेजारच्या मेडिकलमधून ‘अंगदुखीची स्ट्राँग गोळी’ आणून गुपचूप देणारे नातेवाईक असतात, त्यांना वेळीच अडवा.

सिस्टरचे शेरे हा तक्त्यातला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. आकडे चार तासांतून एकदा येतात. मधल्या वेळात काय झाले ते शेऱ्यातच असते. आपल्या तक्त्यात पहाटे सहाला नाडी वाढलेली नव्हती, तरी ‘पोटात दुखते म्हणतो’ हा शेरा तेव्हाच आला होता. पोटात सतत दुखणे, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती किंवा तळमळ ही डेंग्यूतली धोक्याची चिन्हे आहेत. यांतली काही नाडीच्या आधी दिसतात. म्हणून रुग्ण काही नवे बोलला तर ते सिस्टरच्या कानावर घाला आणि लिहायची विनंती करा. तोंडी सांगितलेले पाळी बदलताना हरवते. चांगल्या शेऱ्यात चार गोष्टी येतात. रुग्ण काय म्हणाला, काय दिसले, काय केले, आणि कोणाला किती वाजता कळवले. आपल्या तक्त्यात ‘डॉक्टरांना कळवले, २.०५’ असे आहे. त्यातले ते पाच मिनिटांचे भान फार महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या डॉक्टरला त्यावरून उपचार कधी सुरू झाले ते कळते. उलट ‘व्हायटल्स स्टेबल’ एवढाच शेरा प्रत्येक रकान्यात असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

आकडे खरे आहेत का, हेही तक्त्यावरूनच ताडता येते. चार नोंदी सलग ११०/७०, नाडी ८०, श्वास २० अशा एकसारख्या असतील तर त्या मोजून लिहिल्या असण्याची शक्यता कमी. जिवंत माणसाचे आकडे थोडे तरी हलतात. वॉर्डात एका सिस्टरकडे खूप खाटा असतात, साथीच्या दिवसांत तर जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, त्यामुळे कुणावर आरोप न करता नम्रपणे म्हणा की जरा पुन्हा मोजता का. बीपीत तर शेवटी शून्य लिहायची सवय सर्वत्र आहे. १०४/८४ ला कुणी १००/८० लिहिले तरी अंतर वीसच राहील, पण तेच ११०/८० लिहिले तर अंतर एकदम तीस दिसेल आणि धोका कागदावरून पुसला जाईल. पट्टाही पाहा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटेच जास्त येते. दंड हृदयाच्या उंचीला असावा, खाटेवरून खाली लोंबत नसावा. दर वेळी तोच हात वापरला तर तुलना खरी होते. ज्या हाताला सलाईन चालू आहे तो टाळावा.

घरी उपचार चालू असतील, आणि डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांवर घरीच उपचार होतात, तर एका वहीत असाच तक्ता मांडा. तारीख, वेळ, आजाराचा दिवस, ताप, नाडी, बीपी, अंतर, लघवी, आणि शेरा. ताप काखेत मोजायचा तर काख पुसून कोरडी करा आणि थर्मामीटर वाजेपर्यंत हात अंगाशी घट्ट धरून ठेवा. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, म्हणून जागा बदलू नका. तोंडात मोजायचा असेल तर चहा-पाण्यानंतर पाव तास थांबा. नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटांनी पूर्ण एक मिनिट मोजा, आपला अंगठा वापरू नका, कारण अंगठ्याला स्वतःचेच ठोके लागतात. लघवीची वेळ लिहायला विसरू नका. मोठ्या माणसाला दर चार ते सहा तासांनी लघवी व्हायला हवी. सहा तास उलटून गेले तर ते घरच्या वहीतले सर्वांत मोठे लाल चिन्ह आहे, आणि त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. ताप उतरल्यावर पहिले दोन दिवस ही वही चालूच ठेवा.

पुन्हा आपल्या रुग्णाकडे येऊ. शुक्रवारची दुपारची नोंद दोन वाजताची आहे. पुष्कळ रुग्णालयांत सकाळची पाळी तेव्हाच सुटते. जुनी सिस्टर निरोप देत असते, नवी फाईल हातात घेत असते, आणि नोंद अर्धा-एक तास पुढे ढकलली जाण्याचा संभव तेव्हाच असतो. अशा वेळी सोबतच्या माणसाने मोघम ‘पेशंटला बरे वाटत नाही’ म्हणण्यापेक्षा तक्त्यातले बदल सांगावेत. सुरतेतल्या वॉर्डात बोलणे गुजरातीत किंवा हिंदीत होते. तेव्हा ‘सवारथी पेशाब नथी थयो, हाथ-पग ठंडा छे, पेटमां दुखे छे’ एवढी तीन वाक्ये पाठ असली तरी पुरे. त्यासोबत बोट ठेवून दाखवा: सकाळी बीपी ११०/७८ होते, आता १०४/८४ आहे, नाडी ९६ ची ११६ झाली. ज्याला कामाचा ताण आहे त्यालाही असा नेमका निरोप बाजूला सारता येत नाही.

डॉक्टर आले, रक्त पाठवले. त्यात पीसीव्ही, म्हणजे रक्ताचा दाटपणा दाखवणारा आकडा, बुधवारच्या ४२ वरून ४९ वर गेला होता. पातळ भाग पाझरून गेल्याची ही रक्तातली खूण. सगळे घर प्लेटलेटचा आकडा विचारत फिरत असते, रक्तदाते शोधत असते. पण या तासाला रुग्णाला गरज असते ती सलाईनची. रक्तस्राव नसताना केवळ आकडा उतरला म्हणून प्लेटलेट चढवायची गरज बहुतेकदा नसते. ती ठरवायची तर डॉक्टर ठरवतील, तुम्ही पीसीव्ही किती आहे तेही विचारत जा. ५८ किलोच्या या रुग्णाला पहिल्या तासात साधारण पाचशे मिलिलिटर सलाईन वजनाच्या हिशोबाने दिले, आणि मोजमाप चार तासांऐवजी दर पंधरा-तीस मिनिटांनी सुरू झाले. चार वाजता नोंद अशी: ताप ९८.२, नाडी १०४, बीपी १०८/७८, अंतर ३०. शेरा: लघवी झाली, हात गरम. शनिवारी सकाळी नाडी ९२, बीपी ११२/७६, अंतर ३६.

इथे घरचे लोक आणखी एक गोष्ट करतात. सलाईनने सुधारला म्हणून आणखी सलाईन लावा असा आग्रह धरतात. पाझर २४ ते ४८ तासांत थांबतो आणि बाहेर गेलेला द्रव वाहिन्यांत परत येऊ लागतो. तेव्हा सलाईन चालूच राहिली तर पाणी फुप्फुसांवर चढते. हे तक्त्याच्या श्वासाच्या रकान्यात दिसते, आणि नेमका तोच रकाना सगळीकडे डोळे मिटून २० लिहून भरला जातो. रुग्ण शांत पडलेला असताना छातीचे वर-खाली होणे पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० असतो. तो २८-३० झाला, खोकला आला, आडवे झोपवेना, पाय-डोळे सुजले, तर लगेच सांगा. डॉक्टरांनी सलाईन कमी केली किंवा बंद केली तर ते दुर्लक्ष नाही, योग्य वेळी केलेला उपचार आहे.

रविवारी रुग्णाला भूक लागली, अंगाला खाज सुटली, लाल चट्ट्यांमध्ये पांढरे ठिपके दिसले. सोमवारी नाडी ५८ झाली. नाडी इतकी मंद पाहून घरचे घाबरतात. डेंग्यूतून बरे होताना काही दिवस नाडी अशी मंद राहणे नेहमीचे आहे. बीपी ११८/७६, अंतर ४२, भूक चांगली, चक्कर नाही, तर ती काळजीची नाही. घरी सोडताना गोळीशिवाय एक ते दोन दिवस ताप नाही, लघवी भरपूर, सलाईन बंद असूनही पीसीव्ही स्थिर, प्लेटलेट चढत्या, एवढे पाहिले जाते.

या वाचनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. ज्याचे बीपी मुळातच १५०/८० असते त्याचे अंतर सत्तर असते. त्याचे ११०/८० झाले तर अंतर तीस म्हणजे ठीक असे म्हणता येत नाही, त्याच्यासाठी ती मोठी घसरण आहे. म्हणून आजारापूर्वीचे बीपी डॉक्टरांना सांगा. एटेनोलोल, मेटोप्रोलोल अशा गोळ्या घेणाऱ्याची नाडी धोका असूनही वाढत नाही. लहान मुलांची नाडी एरवीच जलद आणि बीपी कमी असते, गरोदर बाईची नाडीही जलद असते, त्यामुळे या दोघांना मोठ्या माणसाचे आकडे लावू नका, पण अंतर मिटणे आणि हात-पाय गार पडणे त्यांच्यातही तितकेच खरे. शिवाय ताप असला म्हणजे डेंग्यूच असे नाही. दक्षिण गुजरातेत भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यात पोटऱ्या दुखतात, डोळे लाल किंवा पिवळे होतात, लघवी कमी होते. शेतात पाण्यात उभे राहून काम केले असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा.

शेवटी कागदाविषयी. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवायचे झाले तर रक्ताच्या रिपोर्टांसोबत टीपीआर तक्ता आणि औषधांचा कागद यांच्या प्रती मागून घ्या, निदान परवानगी घेऊन फोटो काढा. नव्या डॉक्टरला तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा त्या दोन पानांवरून जास्त कळेल. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाईकाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत सांगितले आहे. मात्र रुग्ण हलवताना ७२ तास थांबायला वेळ नसतो, म्हणून रुग्णवाहिका बोलावतानाच प्रती मागा.